पगार लांबणार असेल तर कामगारांना काय लिहायचं: ‘दोन-चार दिवसांत करतो’पासून ‘बुधवार, १५ जुलै’पर्यंत

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या पाच-सहा छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघते. आठवड्यातून एक-दोन दिवस प्रत्येकाकडे. पगाराचा आठवडा आला की मालकांचे व्हॉइस मेसेज सुरू होतात. ‘मॅडम, जरा व्यवस्थित लिहून द्या, ग्रुपवर टाकायचंय.’ पूर्वी मला वाटायचं, शब्द गोड केले की झालं. आता मी लिहायला बसण्याआधी कॅल्क्युलेटर घेते, कारण मेसेज बिघडतो तो भाषेमुळे नाही. त्यात तारीख नसते म्हणून तो बिघडतो, आणि तारीख नसते कारण मालकाने ती काढलेलीच नसते.

एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. आकडे थोडे बदललेत, रीत तीच आहे. टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क करणारं शॉप, १४ माणसं: एक सुपरवायझर, एक डिस्पॅच आणि ऑफिस बघणारा, सात ऑपरेटर, पाच हेल्पर. जूनचे हातात द्यायचे पगार मिळून ३,२९,००० रुपये, द्यायचा दिवस मंगळवार ७ जुलै. शुक्रवारी ३ जुलैला रात्री मालकांचा हा मेसेज आला. मी तो जसाच्या तसा उतरवून घेतला:

> सगळ्यांना नमस्कार. यावेळी पगाराला थोडं मागेपुढे होईल. मोठ्या पार्टीचं पेमेंट अडकलंय, दोन-चार दिवसांत येईल म्हणतायत. आलं की लगेच सगळ्यांचं करून टाकू. तोपर्यंत जरा सांभाळून घ्या. कुणाला अगदीच अडचण असेल तर बघू. शेवटी आपण सगळे घरचेच आहोत. ऑर्डर वेळेत गेल्या पाहिजेत, त्यावरच सगळं आहे.

यात खोटं काही नाही. मालक माणूस म्हणून बरे आहेत. पण हेल्परच्या जागी बसून वाचा: मंगळवारी किराणावाल्याला काय सांगायचं?

आधी नोंदीची चाळणी

मालकांचा मेसेज ही आपली कच्ची नोंद. ती कागदावर उतरवायची आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: झालं, ठरलं, वाटतं. ‘पेमेंट अडकलंय’ हे झालं. ‘दोन-चार दिवसांत येईल म्हणतायत’ हे वाटतं, आणि तेही मालकांना नाही, पार्टीच्या परचेसवाल्याला वाटतं. ‘आलं की करून टाकू’ हे दिसायला ठरल्यासारखं आहे, पण ते वरच्या वाटण्यावर उभं आहे. ‘अडचण असेल तर बघू’ यात बघण्यापलीकडे काही नाही.

चाळणी झाल्यावर ‘ठरलं’च्या खाली एकही ओळ उरली नाही. बहुतेक वेळा असंच होतं. मालकांना वाटत असतं की आपण कामगारांना निर्णय कळवतोय. प्रत्यक्षात आपली काळजी त्यांच्याकडे सरकवत असतात.

आपल्या भाषेतही इथे काही चोरवाटा आहेत, त्या ओळखायला शिकावं लागतं. ‘पगार होऊन जाईल’ या वाक्यात पगार करणारा कुणीच नाही. पाऊस पडेल तसा पगार होईल. ‘मी पगार जमा करीन’ म्हटलं की माणूस उभा राहतो. ‘परवा’ हा तर पगाराच्या मेसेजमध्ये बंदच करावा असा शब्द, कारण तो मागेही जातो आणि पुढेही. आमच्याकडचे निम्मे हेल्पर उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. त्यांच्या ‘परसों’चंही तेच, आणि ‘कल’चं तर विचारूच नका. ‘१५ पर्यंत’ म्हणजे १५ धरून की १४ ला संपलं? ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणजे सोमवारी की शनिवारी? देणारा शनिवार धरतो, घेणारा सोमवार. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहायची. वार लिहिल्यावर आपलीही चूक सापडते: ‘शनिवार, ११ जुलै’ असं लिहिताना लक्षात येतं की हा महिन्याचा दुसरा शनिवार आहे आणि बँक बंद.

मग तारीख काढायची

शनिवारी सकाळी आम्ही ऑफिसात बसलो. मी विचारलं, ‘साहेब, तारीख काय देताय?’

‘तारीख दिली की अडकतो ना मॅडम. पार्टी काय म्हणते त्यावर आहे सगळं.’

‘पार्टीने दिलेच नाहीत तर पगार कधी देणार?’

ते गप्प बसले. हा प्रश्न वाईट वाटेल असा असला तरी विचारावाच लागतो, कारण कामगारांना सांगायची तारीख याच उत्तरातून निघते. आशेवरची तारीख आणि हातातल्या पैशावरची तारीख या वेगळ्या असतात. मेसेजमध्ये फक्त दुसरी लिहायची.

आम्ही कागदावर दोन रकाने केले. डावीकडे हातातले पैसे, उजवीकडे फक्त तोंडी आश्वासन असलेले.

डावीकडे करंट खात्यात १,८४,००० होते. कॅश क्रेडिटची लिमिट पूर्ण वापरलेली, तिथे काही नाही. एका लहान पार्टीचा ९२,००० चा चेक ड्रॉवरमध्ये होता, तो लगेच बँकेत पाठवला. चेक वटेपर्यंत तो डावीकडे येत नाही, हा माझा नियम आहे. मालक हसले, पण सोमवारी सकाळी खात्यात रक्कम दिसल्यावरच मी तो आकडा डावीकडे घेतला. एकूण २,७६,०००.

यातून न टळणारं वजा करायचं होतं. विजेचं बिल ४१,०००, मुदत ९ तारीख. मशीनच्या कर्जाचा हप्ता ६३,०००, १० तारखेला खात्यातून आपोआप जाणार. दोन्ही मिळून १,०४,०००. उरले १,७२,०००. म्हणजे ७ तारखेला खरोखर देता येण्यासारखे एवढेच, आणि लागणार होते ३,२९,०००. ‘सगळंच अडकलंय’ असं जे मालक तीन दिवस म्हणत होते ते बरोबर नव्हतं. अर्ध्याहून थोडे जास्त पैसे होते.

आता उजवीकडे. मोठ्या पार्टीचं ४,६०,००० चं बिल, ३० जूनला येणं होतं. परचेसवाला म्हणतो, १० तारखेच्या रनमध्ये लावलंय. मोठ्या कंपन्या महिन्यातून ठरावीक दिवशीच पैसे सोडतात. या पार्टीचे दिवस १० आणि २५. तिथे १० ला शुक्रवार, त्या दिवशी त्यांची फाइल सही होऊन बँकेत गेली नाही तर ११ ला दुसरा शनिवार, १२ ला रविवार, म्हणजे पैसे सोमवारी १३ ला. आणि या रनमध्ये बिल सुटलं तर पुढचा रन २५ ला, तोही नेमका चौथा शनिवार, म्हणजे सोमवार २७. म्हणजे ‘दोन-चार दिवस’ हे प्रत्यक्षात एकतर सहा-नऊ दिवस तरी होते किंवा २३. दुसऱ्या एका पार्टीचे १,१०,००० ‘१५ पर्यंत देतो’ म्हणून सांगितलेले. तेही उजवीकडेच.

उजवीकडच्या पैशावर तारीख द्यायची नाही म्हटल्यावर डावीकडे आणखी काय आणता येईल हे शोधायला लागतं. मालकांची स्वतःच्या नावावर अडीच लाखांची मुदत ठेव होती. ठेवीवर बँका साधारण ९० टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देतात, म्हणजे २,२५,०००. ठेव मोडावी लागत नाही, व्याज ठेवीपेक्षा थोडं वर लागतं. मालकांना ते पटायला वेळ लागला, कारण ती मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली होती. मी जोर केला नाही. एवढंच म्हटलं, ‘तिला हात लावायचा नसेल तर कामगारांना २७ जुलै ही तारीख सांगू या. तीही खरी तारीख आहे.’ अकरा वाजता ते स्वतःच बँकेत गेले आणि अर्ज देऊन आले. तो महिन्याचा पहिला शनिवार होता, बँक चालू होती. तीन-चार कामाचे दिवस लागतील म्हणाले.

मग तारीख अशी पडली. सोमवार १३ च्या संध्याकाळपर्यंत पार्टीचे पैसे आले नाहीत तर मंगळवारी १४ ला ओव्हरड्राफ्टमधून उचलायचे आणि बुधवारी १५ ला पगार. १५ ला पीएफ आणि ईएसआयचे ४८,०००ही भरायचे असतात, ते विसरून चालत नाही. पगार भागवायला पीएफ मागे ठेवणारे शॉप मी पाहिलेत. त्यात जवळपास निम्मे पैसे कामगाराच्याच पगारातून कापलेले असतात.

७ तारखेला कुणाला किती

१,७२,००० सगळ्यांना सारख्या टक्क्याने वाटले असते तर प्रत्येकाला पगाराच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळाले असते. दिसायला सरळ. पण १७,००० कमावणाऱ्याच्या घरात अर्धा पगार आणि ३८,००० कमावणाऱ्याच्या घरात अर्धा पगार यात फरक असतो. म्हणून आम्ही पाचही हेल्परना पूर्ण पगार, ८५,०००, आणि बाकी नऊ जणांना ३० टक्के असं ठरवलं. नऊ जणांचे एकूण पगार २,४४,०००, त्याचे ३० टक्के ७३,२००. दोन्ही मिळून १,५८,२००. उरलेले १३,८०० मुद्दाम बाजूला ठेवले, कारण आठवड्यात कुणाचा ना कुणाचा हप्ता निघतोच. १५ ला द्यायचे राहिले १,७०,८००. ते आणि पीएफ-ईएसआयचे ४८,००० मिळून २,१८,८००, म्हणजे २,२५,००० मध्ये बसत होते, सहा हजार शिल्लक ठेवून.

हे वाटप ठरताना मालकांनी एक सुचवलं: जे ओव्हरटाइमला थांबतील त्यांना आधी देऊ. ते मी लिहून द्यायला नकार दिला. जूनचं काम जूनमध्ये झालेलं आहे. त्याचा पगार जुलैच्या कामासाठी आमिष म्हणून वापरता येत नाही. कच्च्या नोंदीतली ‘ऑर्डर वेळेत गेल्या पाहिजेत’ ही ओळही याच कारणाने गेली. ते बोलायचंच असेल तर डिस्पॅचच्या मीटिंगमध्ये वेगळं बोलावं.

मेसेज

सोमवारी ६ जुलैला सकाळी चेकची रक्कम दिसली, आणि चहाच्या सुट्टीआधी हे ग्रुपवर गेलं:

> जूनच्या पगाराबद्दल.
>
> उद्या, मंगळवार ७ जुलैला, जूनचा पूर्ण पगार सगळ्यांना देता येणार नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे ३० जूनला यायचे होते, ते आलेले नाहीत.
>
> मंगळवार ७ जुलै, संध्याकाळी ६ पर्यंत: सर्व हेल्परना पूर्ण पगार. बाकी सगळ्यांना पगाराच्या ३० टक्के.
>
> बुधवार १५ जुलै, संध्याकाळी ६ पर्यंत: उरलेले ७० टक्के. हे पैसे त्या गिऱ्हाइकावर अवलंबून नाहीत. त्यांनी १३ पर्यंत दिले नाहीत तर मी माझ्या ठेवीवर पैसे उचलून देणार आहे, बँकेत अर्ज दिला आहे. आधी आले तर आधी देईन.
>
> ७ ते १५ च्या मध्ये ज्यांचा कर्जाचा हप्ता, घरभाडं किंवा फी भरायची आहे त्यांनी आज सुट्टी व्हायच्या आत मला एकट्याला भेटा किंवा फोन करा.
>
> ७ तारखेच्या आत पूर्ण पगार देणं माझी जबाबदारी आहे. या महिन्यात ती मी पूर्ण करू शकलो नाही.

खाली मालकांचं नाव.

पहिल्याच ओळीत वाईट बातमी आहे, कारण ‘नमस्कार, कसे आहात’ने सुरू होणारा पगाराचा मेसेज वाचताना माणूस तसाही थेट आकडा शोधत खाली जातो. कारण एका वाक्यात संपलंय, आणि पार्टीचं नाव नाही. नाव टाकलं की दोन गोष्टी होतात: कामगारांपैकी कुणाचा तरी भाऊ त्या कंपनीत असतो आणि तिथपर्यंत बोंब जाते, शिवाय मालक नकळत दोष सोपवून मोकळे होतात.

ठेवीचा उल्लेख ठेवायचा की नाही यावर आम्ही बराच वेळ घातला. मालकांना ते घरचं उघड केल्यासारखं वाटत होतं. मी आग्रह धरला, कारण ‘सोय केली आहे’ एवढंच लिहिलं तर ते ‘बघतो’चंच सभ्य रूप वाटतं. पैसे कुठून येणार हे कळलं की तारखेला वजन येतं. मात्र ‘अर्ज दिला आहे’ हे अर्ज दिल्यावरच लिहायचं. मंजूर झाला नव्हता, म्हणून ‘मंजूर झालंय’ लिहिलं नाही.

‘आपण सगळे घरचेच’ काढलं. घरच्यांचा पगार अडवत नाहीत, असं मनात म्हणायला जागा कशाला द्यायची? ‘सांभाळून घ्या’ काढलं, कारण ती मागणी आहे आणि कामगाराला नाही म्हणायची सोय नसते. त्याऐवजी भेटायची वेळ दिली. माफीही एकदाच, मोजकी. तीन वेळा माफी मागणाऱ्या मेसेजमध्ये वाचणाऱ्यालाच मालकाची समजूत काढावी लागते.

आणि बँकेवर ढकलायचं नाही. ‘सर्व्हर डाउन’, ‘रविवार आला’ वगैरे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, आणि रविवारी रात्री गावी यूपीआयने पैसे पाठवणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही. (मी शनिवार-रविवार मोजले ते कंपन्यांच्या फायली आणि सह्यांसाठी, बँकेच्या यंत्रणेसाठी नव्हे.)

हाच मेसेज हिंदीत, छोट्या वाक्यांत, दुसरा टाकला. आणि चहाच्या वेळी मालकांनी शॉप फ्लोअरवर उभं राहून तोंडी सांगितला. दोन हेल्परना वाचता येत नाही हे आम्हाला माहीत होतं. ग्रुपवरचे निळे टिक म्हणजे सगळ्यांना कळलं असं नव्हे.

ज्याचा-त्याचा आकडा वेगळा पाठवायचा

ग्रुपवर टक्के, आकडे खाजगीत. प्रत्येकाला असा मेसेज गेला:

> तुमचा जूनचा पगार २६,०००. उद्या ७ जुलैला जमा होतील ७,८००. बुधवार १५ जुलैला जमा होतील १८,२००. आकड्यात काही चूक वाटली तर आजच सांगा.

शेवटची ओळ कामाची निघाली. एका ऑपरेटरचे जूनमधले दोन ओव्हरटाइमचे दिवस धरायचे राहून गेले होते. पगार लांबलेला असताना १५ तारखेला तो आकडा कमी दिसला असता तर त्याला ती चूक वाटली नसती.

संध्याकाळपर्यंत दोघे मालकांना भेटले. सुपरवायझरचा घरकर्जाचा हप्ता १० ला होता. हे हप्ते सुट्टीच्या दिवशीही खात्यातून कापले जातात, आणि खात्यात पैसे नसले तर बँकेचा दंड बसतो तो वेगळाच. त्याला बाजूच्या १३,८०० मधून ९,००० आधी दिले. दुसऱ्याला मुलाच्या फीसाठी ४,०००. ही रक्कम त्यांच्या १५ तारखेच्या आकड्यातून वजा होणार हे त्यांना लिहून दिलं, म्हणजे ‘उचल’ की ‘पगार’ हा वाद नंतर नको. त्याचीही ओळ साधी होती: ‘आज दिलेले ९,००० हे जूनच्या पगारातलेच आहेत, वेगळी उचल नाही.’

कायद्याबद्दल, मालकांसाठी

प्रामाणिक मेसेज पाठवला म्हणजे उशीर माफ होतो, असा गैरसमज मी दोन मालकांकडे ऐकलाय. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि तिच्या कलम १७ प्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. आधीच्या १९३६ च्या कायद्यातही हजारपेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी हीच ७ तारीख होती. काम सोडून गेलेल्याचा हिशेब तर दोन कामाच्या दिवसांत करायचा असतो. म्हणून अशा आठवड्यात कुणी राजीनामा दिलेला असेल तर तो ७०-३० च्या यादीत नसतो, त्याचं आधी. कामगारांकडून ‘आमची हरकत नाही’ अशा सह्या घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने ७ तारीख हलत नाही, उलट मेसेजचा सगळा सूर बिघडतो.

खरं जोरकस पत्र लिहायचं असतं ते पार्टीला. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५; उशीर झाला तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आमच्या मालकांनी ते पत्र कधीच पाठवलेलं नव्हतं. पुढच्या ऑर्डरची भीती. ती भीती खरी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण निदान ४० व्या दिवशी आठवणीची ओळ पाठवायला काय हरकत आहे? तशी ओळ आम्ही या वेळी पाठवली.

तारीख गाठता येत नसेल तर

या वेळी तशी पाळी आली नाही. दुसऱ्या एका शॉपमध्ये आली होती, म्हणून सांगते. दिलेली तारीख चुकणार हे ज्या दिवशी कळतं त्याच दिवशी लिहायचं. तारखेच्या रात्री नऊला नाही. आणि जुनी तारीख लपवायची नाही. या शॉपवर तशी पाळी आली असती तर मेसेज असा गेला असता:

> मी बुधवार १५ जुलै ही तारीख दिली होती. ठेवीवरचे पैसे बँकेकडून शुक्रवारी १७ ला मिळतील असं आज, १३ ला, कळलं. म्हणून १५ ला खात्यात असलेल्या पैशांतून सगळ्यांना आणखी २० टक्के, आणि उरलेले ५० टक्के शनिवार १८ जुलै, दुपारी २ पर्यंत.

शुक्रवारी पैसे मिळणार असले तरी शनिवारची तारीख आहे. एक दिवस हातात ठेवलाय, कारण दुसऱ्यांदा दिलेली तारीखही चुकली तर तिसऱ्या मेसेजला काही किंमत उरत नाही. आणि जुन्या तारखेला रिकाम्या हाताने जायचं नाही. थोडं का होईना, त्या दिवशी खात्यात पडलं पाहिजे.

पूर्ण रकमेची तारीख निघतच नसेल, म्हणजे डावीकडचा रकाना खरोखरच रिकामा असेल, तर ज्या भागाची निघते त्याचीच द्यायची: ‘१५ ला ४० टक्के. उरलेल्याची तारीख माझ्याकडे आज नाही. ती मी सोमवारी २० ला सकाळी १० वाजता सांगीन.’ हे वाचायला कडू आहे, पण माणसाला त्यावर काही ठरवता येतं. गावाकडून पैसे मागवायचे की दुसरीकडे काम बघायचं, हेही ठरवता येतं, आणि तो त्याचा हक्क आहे.

१५ जुलै

पार्टीच्या १० च्या रनमध्ये बिल नव्हतं. सोमवारी संध्याकाळी परचेसवाल्याने फोन उचलला नाही. मंगळवारी ओव्हरड्राफ्टमधून पैसे उचलले आणि बुधवारी दुपारी सव्वादोनला मी पगाराची फाइल बँकेत सोडली. सहाची वेळ दिली होती, तरी दुपारीच सोडायची, कारण एखाद्याचं खातं सहकारी बँकेत असतं आणि तिथे रक्कम दिसायला वेळ लागतो.

साडेपाचला मी प्रत्येकाला विचारलं. ‘पाठवले’ हे आपलं झालं. ‘मिळाले’ हे त्याच्याकडूनच कळतं. नऊपैकी आठ जणांचे मिळाले होते. एका ऑपरेटरचे परत आले, त्याचं खातं बरेच दिवस वापर नसल्याने बंद पडलं होतं. ७ तारखेचे ७,८०० तर त्याला मालकांनी त्याच्या विनंतीवरून रोख देऊन वहीत सही घेतली होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ग्रुपवर गेलेला शेवटचा मेसेज असा होता:

> जूनचा उरलेला पगार आज जमा केला. ९ पैकी ८ जणांना मिळाला आहे. एकाचं खातं बंद असल्याने रक्कम परत आली. त्यांना ती उद्या १६ जुलै, दुपारी १२ पर्यंत दुसऱ्या खात्यात मिळेल, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. जुलैचा पगार शुक्रवार ७ ऑगस्टला.

‘सगळ्यांचा पगार झाला’ असं मालक टाकणारच होते. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. मोठ्या पार्टीचे पैसे आले २७ ला, सोमवारी.